मॅन्युअल गिअर, सात मैल आणि एक स्क्रीनशॉट

संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीपुढे रिग्रेशनच्या निकालाचा स्क्रीनशॉट पहिल्यांदा येतो, तेव्हा तिची नजर आधी तारकांवर जाते. 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये `mtcars` नावाचा तक्ता तयारच मिळतो. अमेरिकेतल्या 'मोटर ट्रेंड' मासिकाच्या १९७४ च्या अंकातून घेतलेली ३२ गाड्यांची माहिती त्यात आहे. एका गॅलनमध्ये गाडी किती मैल जाते, याचा गिअरच्या प्रकाराशी काय संबंध आहे, असं त्याला विचारलं की हे उत्तर येतं:

```
            Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept)   17.147      1.125  15.247 1.13e-15 ***
am             7.245      1.764   4.106 0.000285 ***
Multiple R-squared: 0.3598
```

इथे `am` म्हणजे गिअरचा प्रकार: ऑटोमॅटिकला ०, मॅन्युअलला १. त्यामुळे पहिल्या ओळीतले १७.१४७ ही ऑटोमॅटिक गाड्यांची सरासरी झाली. मॅन्युअल गाड्यांची सरासरी त्याहून ७.२४५ मैलांनी जास्त आहे. हा फरक म्हणजेच `am` चा सहगुणक.

पी-मूल्य ०.०००२८५. 'फरक खोटा असण्याची शक्यता इतकी कमी' असा अर्थ पटकन लावला जातो, आणि तो चूक आहे. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी तफावत दिसण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे तीन, एवढंच ते सांगतं. तफावत कशामुळे पडली, याबद्दल ते गप्प असतं. आर-स्क्वेअर ०.३६ म्हणजे गाड्यागाड्यांच्या मायलेजमधल्या चढउतारापैकी ३६ टक्के भाग गिअरच्या प्रकाराशी जुळतो; बाकीचा कशाशी जुळतो, ते अजून शोधायचं आहे.

आता त्याच मॉडेलमध्ये गाडीचं वजन घालायचं.

```
lm(mpg ~ am + wt, data = mtcars)
```

`am` चा सहगुणक ७.२४५ वरून थेट -०.०२४ वर येतो, पी-मूल्य ०.९८८ होतं आणि आर-स्क्वेअर ०.७५ वर जातो. गाड्या त्याच, मग सात मैल गेले कुठे? या तक्त्यातल्या ऑटोमॅटिक गाड्यांचं सरासरी वजन सुमारे १,७१० किलो आहे, तर मॅन्युअल गाड्यांचं सुमारे १,०९५. पहिल्या मॉडेलमध्ये हलकेपणाचं श्रेय गिअरच्या खात्यात जमा झालं होतं. दुसऱ्या मॉडेलमधला सहगुणक वेगळाच प्रश्न विचारतो: वजन सारखं असेल, तर गिअरमुळे किती फरक पडतो?

०.९८८ पाहून 'गिअरचा परिणाम शून्य' असं लिहिणंही घाईचं ठरेल. शेजारच्या रकान्यात प्रमाण त्रुटी सुमारे १.५५ आहे. म्हणजे उणे तीन ते अधिक तीन मैलांपर्यंतचा कोणताही परिणाम या माहितीत सहज बसतो. तेव्हा अहवालात लिहायचं ते इतकंच: वजन लक्षात घेतल्यावर, मॅन्युअल गिअरमुळे मायलेज वाढतं असं म्हणायला या ३२ गाड्यांत आधार सापडत नाही.