‘सजेस्ट’नंतर ‘टु’ का चालत नाही?

रजेच्या अर्जात हमखास दिसणारं एक वाक्य घ्या: ‘द डॉक्टर सजेस्टेड मी टु टेक रेस्ट.’ लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण मनात मराठी वाक्य असतं, ‘डॉक्टरांनी मला विश्रांती घ्यायला सांगितलं.’ ‘मला’चं झालं ‘मी’, ‘घ्यायला’चं झालं ‘टु टेक’. हाच साचा ‘टेल’ किंवा ‘अ‍ॅडव्हाइज’ला अगदी बरोबर बसतो. ‘सजेस्ट’ला मात्र बसत नाही.

मराठीत ‘वाचायला आवडतं’, ‘वाचायला सांगितलं’, ‘वाचायला सुरुवात केली’ अशा किती तरी ठिकाणी एकच ‘-आयला’ भागतं. त्यामुळे इंग्रजी लिहिताना तिथे सगळीकडे ‘टु’ घालण्याची सवय लागते आणि ‘आय एन्जॉय टु रीड’ असं चुकीचं वाक्य तयार होतं. इंग्रजीत पुढचं रूप कोणतं येणार, हे आधीचं क्रियापद ठरवतं. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’ यांच्यानंतर ‘-इंग’ येतं: ‘आय एन्जॉय रीडिंग.’ ‘डिसाइड’, ‘होप’, ‘प्रॉमिस’ यांच्यानंतर ‘टु’ येतं: ‘वी डिसाइडेड टु लीव्ह.’

यामागे थोडी संगती आहे. क्रियापदाच्या आधी येणारा हा ‘टु’ मुळात दिशा दाखवणारा शब्द होता, ‘गो टु पुणे’मधल्यासारखा. म्हणून ज्या क्रियापदांत मन पुढच्या कृतीकडे वळतं, ती बहुधा ‘टु’ घेतात. ठरवलं, पण अजून निघालो नाही. उलट ‘-इंग’वालं रूप इथे नामासारखं वागतं. ‘एन्जॉय’ला आनंद कशाचा ते हवं असतं: ‘एन्जॉय द फूड’, ‘एन्जॉय म्युझिक’, तसंच ‘एन्जॉय रीडिंग’.

पण या संगतीवर फार विसंबू नये. सुचवलेली गोष्टही अजून व्हायचीच असते, तरी ‘सजेस्ट’ ‘-इंग’ घेतं. ‘पोस्टपोन’चंही तसंच. अर्थावरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही.

‘सजेस्ट’चा स्वभाव मात्र समजून घेता येतो. या क्रियापदाचं कर्म म्हणजे सूचना. ज्याला सुचवलं तो माणूस नव्हे. म्हणून ‘दे सजेस्टेड मी फॉर द जॉब’ हे वाक्य बरोबर आहे, कारण तिथे त्या नोकरीसाठी माझंच नाव सुचवलेलं आहे. डॉक्टरांनी मात्र ‘मी’ सुचवलेला नाही, विश्रांती सुचवली आहे.

आता अर्जातलं वाक्य दुरुस्त करू. सगळ्यात सुटसुटीत रूप ‘द डॉक्टर सजेस्टेड टेकिंग रेस्ट.’ यात विश्रांती कोणी घ्यायची ते उघड सांगितलेलं नाही, संदर्भावरून कळतं. दोन मित्रांत ‘ही सजेस्टेड वॉकिंग’ म्हटलं, तर सुचवणाराही सोबत चालणार असेल. अर्जात असा मोघमपणा नको असेल, तर ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट आय टेक रेस्ट’ असं लिहावं. इथे ‘सजेस्टेड’ भूतकाळात असूनही पुढे ‘टुक’ येत नाही, मूळ ‘टेक’च राहतं. रुग्ण ‘ही’ असला तरी ‘टेक्स’ नव्हे, ‘दॅट ही टेक रेस्ट’. हे कानाला विचित्र वाटत असेल तर मध्ये ‘शुड’ घालावा. ‘दॅट ही शुड टेक रेस्ट’ ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत सर्रास चालतं. आणि ‘मला’ व ‘टु’ दोन्ही ठेवायचेच असतील तर क्रियापद बदलावं: ‘द डॉक्टर अ‍ॅडव्हाइज्ड मी टु टेक रेस्ट.’ अर्जासाठी मला हेच सगळ्यात नेटकं वाटतं.

काही क्रियापदं दोन्ही रूपं घेतात आणि अर्थ बदलतात. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. ‘रिमेंबर टु लॉक द डोअर’ म्हणजे लावायला विसरू नकोस.

आणखी एक फसवी जागा पत्राच्या शेवटी असते: ‘आय लुक फॉरवर्ड टु मीट यू.’ इथे ‘मीटिंग यू’ हवं. ओळखायची खूण अशी की ‘टु’नंतर ‘इट’ ठेवून पाहावं. ‘लुक फॉरवर्ड टु इट’ जमतं, म्हणजे तिथे नाम किंवा ‘-इंग’ लागणार. ‘डिसाइड टु इट’ जमत नाही, म्हणून तिथे मूळ क्रियापद.

शिकणाऱ्यांची ही अडचण ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना जवळून पाहिली होती. त्यांच्या 1942 साली तोक्योत निघालेल्या शब्दकोशात कोणत्या क्रियापदानंतर कशी रचना येते हे सांगितलेलं होतं. ऑक्सफर्डचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ हा त्याचाच पुढचा अवतार. घरात तो असेल तर शब्दाचा अर्थ पाहून लगेच मिटू नका; त्याखाली ‘डूइंग समथिंग’ छापलंय की ‘टु डू समथिंग’, तेही पाहा.