सुरीच्या जाहिरातीतला एक शब्द

ऑनलाइन सुऱ्यांचा संच घेताना फोटो आणि सवलत पाहण्याआधी वर्णनात पोलादाचा नेमका प्रकार लिहिला आहे का, ते शोधा. 'हाय कार्बन स्टेनलेस स्टील' एवढंच लिहिलं असेल तर त्यातून फारसं काही कळत नाही. X50CrMoV15 असं नाव दिसलं तर मात्र बरंच कळतं. यात कार्बन साधारण अर्धा टक्का आणि क्रोमियम सुमारे 15 टक्के असतं. कार्बनमुळे पातं कडक होतं, तर क्रोमियममुळे गंज रोखला जातो. अशा पात्याचा कडकपणा रॉकवेल मापावर 55-56 च्या आसपास असतो. तो आपल्या रोजच्या वापराला पुरतो. धार लवकर मंदावते, पण घरच्या घरी सहज परत येते. VG-10 हे जपानी पोलाद 60 च्या आसपास जातं. त्याची धार जास्त टिकते, पण नारळ किंवा हाड फोडायला घेतलं तर कडेचा टवका उडतो. माझ्या मते पहिल्या संचासाठी पहिलाच प्रकार घ्यावा.

मुठीबद्दल थोडक्यात सांगायचं तर पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं. लाकडी मूठ हाताला छान वाटते, पण सिंकमध्ये भिजत राहिली की फुगते, तडकते आणि फटीत घाण साचते. ओल्या हाताने काम करणाऱ्यांना प्लास्टिकची मूठ सोयीची.

टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरू लागली की धार गेली असं समजा. गोल दांड्यावर घासून वाकलेली धार फक्त सरळ होते. ती झिजली असेल तर 1000 ग्रिटचा दगडच हवा. दगड भिजवायचा की नुसता ओला करायचा, ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा आणि तो ओल्या फडक्यावर ठेवा. पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून दीड सेंटिमीटर उचला, म्हणजे जवळपास 20 अंशांचा कोन होतो. तो न बदलता एक बाजू घासत राहा. मग दुसऱ्या बाजूने अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेने, धारेबाहेर हलकेच सरकवा. धारेच्या पूर्ण लांबीभर बारीक खरखर लागली की बाजू बदला. खरखर लागण्याआधीच बाजू बदलली तर कितीही घासलं तरी धार येत नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवून खरखर काढून टाका.

डिशवॉशरमध्ये आणि चमच्यांच्या खणात सुरी टाकू नका. भांड्यांवर आपटून धार जाते आणि चमचा शोधणाऱ्याचं बोट कापतं. चुंबकी पट्टीवर लावताना आधी पाठ टेकवा आणि काढतानाही पाठीवरच कलती करा. पट्टी मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच हवी. सुरी हातातून निसटली तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या.