वडिलांचं आजारपण, घसरलेले गुण आणि एक ईमेल

ओळखीतली एक मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी ७ एसजीपीए हवा होता, तिचा ८.१ वरून ६.२ वर आला. ऑक्टोबरात वडिलांची बायपास झाली आणि नोव्हेंबरात परीक्षा.

तिच्या पहिल्या मसुद्यात आजारपणावरच तीन परिच्छेद होते. मागणी अगदी शेवटच्या ओळीत, तीही ‘कृपया विचार व्हावा’ अशी. शेकडो अर्ज चाळणारा कारकून तिथवर पोचेल कशाला?

मग विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक आणि ‘नूतनीकरणाची विनंती’ आलं. पहिलं वाक्य असं झालं: ‘तिसऱ्या सत्रात मला ६.२ एसजीपीए मिळाला, अट ७ ची आहे. तरी एका सत्राची सवलत देऊन शिष्यवृत्ती चालू ठेवावी.’ पुढे दवाखान्याच्या तारखा आणि त्याच दिवसांत बुडालेली सबमिशन्स. सोबत डिस्चार्ज कार्ड, गुणपत्रिका आणि चालू सत्रातल्या चाचणीचे गुण. माझ्या मते वजन या चाचणीलाच. गाडी रुळावर आल्याचा तेवढाच पुरावा.

अर्थात ही सवलत ट्रस्टच्या हातातली. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. तिथे आधी नियमावलीत सवलतीचं कलम शोधावं.