तिरप्या पट्टीवर भार येतो कुठून?

बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना विजेच्या तारा पेलणारे जाळीदार खांब दिसतात. उभ्या पोलादी अंगांना तिरप्या पट्ट्यांनी एकत्र बांधलेलं असतं. या पट्ट्यांना लेसिंग म्हणतात. तारांच्या खांबात मुख्य जोर वाकण्याचा असतो, त्यामुळे तिथे पट्टीचं काम लगेच पटतं. कोडं पडतं ते निव्वळ दाब घेणाऱ्या कॉलममध्ये. भार सरळ खाली जातो, मग तिरप्या पट्टीला बळ येतं कुठून?

कारण कोणताही कॉलम पुरता सरळ नसतो. भाराखाली तो किंचित वाकतो. वाकल्यावर भाराची रेषा आणि कॉलमचा अक्ष यांत छोटा कोन पडतो आणि त्या कोनामुळे भाराचा थोडा हिस्सा आडवा होतो. ‘आयएस 800:2007’ सांगतं की हा आडवा हिस्सा, म्हणजे शिअर, भाराच्या अडीच टक्के धरा. चाळीसात एक एवढा उतार धरल्यासारखंच झालं.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या शेडचा एक काल्पनिक कॉलम घेऊ. 300 मिमी उंचीची दोन चॅनेल पाठीला पाठ करून, मध्ये 185 मिमी जागा सोडून उभी केली आहेत. प्रभावी लांबी 7 मीटर, गुणक धरून भार 1400 किलोन्यूटन. अंतर 185 घेतलं, कारण तेवढ्यावर कॉलम दोन्ही दिशांना जवळपास सारखाच ताठ होतो. सडपातळपणा, म्हणजे लांबी भागिले परिभ्रमण त्रिज्या, 59 येतो. लेसिंग स्वतः थोडं ताणतं-आखडतं म्हणून नियमानुसार 1.05 ने गुणून तो 62 धरायचा. त्यावर कॉलम सुमारे 1500 किलोन्यूटन पेलतो.

आता शिअर: 1400 चे अडीच टक्के, 35 किलोन्यूटन. पट्ट्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन बाजूंना आहेत, तेव्हा प्रत्येकीला साडेसतरा. पट्टी अक्षाशी 45 अंशांत असेल तर तिच्यातलं बळ 17.5 भागिले साइन 45, म्हणजे पावणेपंचवीस किलोन्यूटन. वाकण्याची दिशा पालटली की हेच बळ कधी ताण, कधी दाब. दाबाचीच काळजी जास्त, कारण पट्टीही एक छोटा कॉलमच आहे.

बोल्टांच्या रांगांमधलं आडवं अंतर 285 मिमी, म्हणून पट्टी 403 मिमी लांब. बोल्ट लावलेल्या एकेरी लेसिंगला जाडी लांबीच्या चाळिसाव्या भागाहून कमी चालत नाही, म्हणून 12 मिमी. 20 मिमीच्या बोल्टला रुंदी तिप्पट, 60 मिमी. सडपातळपणा 116 येतो, मर्यादा 145. ही पट्टी दाबात 63 किलोन्यूटन घेते, म्हणजे पट्टी इथे बळाने नव्हे, नियमांच्या मापांनी ठरली. खरा ताण बोल्टवर असतो. एकाच बोल्टवर दोन पट्ट्या मिळतात तिथे त्यांची बळं अक्षाच्या दिशेने जुळून 35 किलोन्यूटन होतात, आणि साध्या 4.6 ग्रेडच्या 20 मिमी बोल्टची मजल 45 ची.

कोनाला 40 ते 70 अंशांची मर्यादा आहे, आणि तो कॉलमच्या अक्षापासून मोजायचा. चूक नेमकी इथेच होते: ड्रॉइंगवर 60 अंश लिहिलेले असतात आणि फॅब्रिकेटर ते आडव्या रेषेपासून मोजतो. अक्षाशी उरतात 30. पट्टी 570 मिमीची होते, बळ 35 वर जातं, 12 मिमी जाडीला सडपातळपणा 165 होतो आणि चॅनेलवरचे बोल्ट एकमेकांपासून जवळपास एक मीटर लांब पडतात. हे ओळखायला टेप पुरते: एकाच चॅनेलवरच्या लागोपाठच्या बोल्टांमधलं अंतर आडव्या अंतराच्या जवळपास 2.4 पटीहून, म्हणजे इथे सुमारे 680 मिमीहून, जास्त भरलं तर कोन 40 च्या खाली गेला. उलट 70 च्या वर गेलं की बळ फारसं घटत नाही, नुसते बोल्ट आणि भोकं वाढतात.

दुसरी चूक शेड उभं राहिल्यावर होते. पाइप किंवा केबल ट्रे जायला वाट हवी म्हणून एखादी पट्टी कापतात. ‘एकच तर आहे’ असं म्हणतात. पण त्या टप्प्यातला सगळा शिअर समोरच्या बाजूच्या पट्टीवर जातो: तिच्यातलं बळ साडेएकोणपन्नास, पट्टी टिकते, बोल्टची 45 ची मजल संपते. शिवाय दोन बाजू सारख्या न राहिल्याने कॉलम पिळवटतो, ते वेगळंच.

लेसिंग कमी पडलं की काय होतं, ते कॅनडातल्या क्वेबेक पुलावर 29 ऑगस्ट 1907 रोजी मोठ्या मापात दिसलं. खालच्या दाबपट्टीची चार जाड अंगं बांधणारं लेसिंग तोकडं होतं. कोसळण्याआधी त्या अंगांचा बाक दिवसागणिक वाढत दोन इंचांच्या वर गेला होता, मोजलाही होता. काम मात्र चालू राहिलं आणि 75 कामगार गेले. म्हणून जुन्या शेडमध्ये शिरलात तर आधी लेसिंगच्या टोकाचे बोल्ट पाहा: भोक लांबट झालंय का, पट्टी किंचित धनुष्यासारखी वाकलीय का, गंजाने बोल्टपाशी जाडी खाल्लीय का. 12 ची पट्टी लांबीभर 8 वर आली तर तिची दाबातली ताकद 63 वरून सुमारे 22 वर येते, आणि गरज पावणेपंचवीसची आहे.