एका दिवसात न होणारी शस्त्रक्रिया

माजलगाव तालुक्यातील राजेगावचे ललित साळवे बीड पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. 25 मे 2018 रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची लिंगबदलाची पहिली शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे टप्पे 2020 पर्यंत चालले. तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळले होते, त्यामुळे त्यांची गोष्ट प्रत्येक ट्रान्स पुरुषाला जशीच्या तशी लागू होत नाही. शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने होणे मात्र अनेकांच्या बाबतीत सारखेच असते.

ट्रान्स पुरुषांत काही जण फक्त छातीची शस्त्रक्रिया करून घेतात. काही आठवड्यांत ते कामावर परततात. लिंग घडवायचे तर बहुधा हाताची किंवा मांडीची त्वचा रक्तवाहिन्यांसह घेतात. नवा मूत्रमार्ग हा यातला सर्वांत नाजूक भाग. लघवीची धार बारीक झाली तर मार्ग आकसतो आहे असे समजावे. भलत्याच जागेतून गळू लागली तर फिस्टुला झाला आहे असे समजावे. दोन्हींसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. संवेदना यायला अनेक महिने लागतात, व्रण राहतात, आणि आवाज किंवा दाढी यातून येत नाही. ते हार्मोनचे काम.

म्हणूनच अनेकांना शस्त्रक्रिया नकोच असते. कुणाला खर्च परवडत नाही, कुणाला धोका नको, कुणाला आहे ते शरीर पुरेसे वाटते. त्यामुळे त्यांची ओळख अपुरी ठरत नाही. लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या ‘नालसा’ निकालात स्पष्ट म्हटले आहे.