दुखत नाही, तरी रक्त जाते

वर्ष-दोन वर्षांच्या, काल संध्याकाळपर्यंत घरभर दुडदुडणाऱ्या मुलाच्या शीमधून अचानक भरपूर रक्त जाते. ताप नाही, उलटी नाही, पोट धरून रडणे नाही. डायपर उघडला तर शी जवळपास नसतेच, नुसते लाल किंवा विटकरी रक्त आणि काही गाठी. मूल मात्र खेळण्याकडे हात पुढे करत असते. या वयात रक्त भरपूर आणि दुखणे शून्य असे दिसले, तर बालशल्यचिकित्सकांच्या मनात सर्वांत आधी येते ती लहान आतड्याला जन्मतः चिकटून आलेली एक छोटी पिशवी. वैद्यकात तिला मेकेल्स डायव्हर्टिक्युलम म्हणतात. जर्मनीतील हाले शहराचे शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १८०९ मध्ये ती कशातून उरते हे दाखवून दिले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. तशी पिशवी त्याआधी दोनशे वर्षांपासून लोकांच्या पाहण्यात होती, पण ती मुळात कुठून येते याचा उलगडा झाला नव्हता.

तो उलगडा गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. वार पुरती तयार होण्यापूर्वी गर्भाच्या मधल्या आतड्याला एक बारीक नळी जोडलेली असते आणि ती बेंबीतून बाहेर पडून बलक-पिशवीपर्यंत जाते. वारेचे काम सुरू झाले की या नळीची गरज संपते आणि साधारण सातव्या आठवड्याच्या सुमारास ती बुजून नाहीशी होते. काहींच्या बाबतीत बेंबीकडचा भाग बुजतो, पण आतड्याकडचे टोक उघडेच राहते. हातमोज्याच्या एका बोटासारखे ते आतड्याच्या मोकळ्या बाजूला लोंबत राहते. शंभरात साधारण दोघांना अशी पिशवी असते. लांबी बहुधा दोन इंचांच्या आसपास, आणि जागा म्हणजे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथून मागे सुमारे दोन फुटांच्या आत. ती बाळगणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच कारणासाठी पोट उघडले असता ती सहज सापडते.

मग रक्त कुठून येते? नळीचे अस्तर ज्या पेशींपासून बनते, त्यांना पचनमार्गातला कोणताही भाग होण्याची मुभा असते. त्यामुळे काही पिशव्यांच्या आत आतड्याच्या अस्तराबरोबर जठराच्या अस्तराचा एक तुकडा वाढतो. क्वचित स्वादुपिंडाचाही असतो. जठराचे अस्तर कुठेही असले तरी आपले काम सोडत नाही, ते आम्ल तयार करते. खऱ्या जठराला या आम्लापासून वाचवायला श्लेष्माचा जाड थर असतो, आणि जठरातून पुढे गेलेले आम्ल स्वादुपिंडाच्या रसाने लगेच सौम्य होते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला यातले काहीच संरक्षण नाही. म्हणून पिशवीच्या तोंडाशी, किंवा तिच्यालगतच्या आतड्याच्या भिंतीवर, व्रण पडतो. तो खोल जात एखाद्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचला की रक्त सुटते. रक्तस्राव करणाऱ्या पिशव्यांत जठराचे अस्तर जवळजवळ नेहमीच सापडते ते याचमुळे.

दुखत का नाही, याचे उत्तरही शरीररचनेतच आहे. आतड्याला कापल्याची किंवा झिजल्याची वेदना समजत नाही. ताण, पीळ, रक्तपुरवठा तुटणे किंवा सूज बाहेरच्या आवरणापर्यंत जाणे, एवढ्यानेच ते कळवळते. आतल्या बाजूला पडलेला व्रण यांपैकी काहीही करत नाही. उलट रक्त स्वतःच सौम्य रेचकासारखे वागते, आतडे ते भराभर पुढे ढकलते आणि वेगाने खाली आल्यामुळे त्याचा रंग लाल राहतो. तेच रक्त संथपणे झिरपले तर वाटेत काळपट, डांबरासारखे होते.

घरात आणि दवाखान्यातही इथे गफलत होऊ शकते, कारण लहान मुलाच्या शीत रक्त दिसण्याची अधिक सामान्य कारणे वेगळी आहेत. बद्धकोष्ठाने गुदद्वाराला चीर पडली तर कडक शीवर ताज्या रक्ताची रेघ दिसते, आणि मूल शी करताना रडते. आमांशात रक्ताबरोबर आव, ताप आणि जुलाब असतात. मोठ्या आतड्यातल्या साध्या गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून, दुखल्याशिवाय रक्त जाते खरे, पण बहुधा थोडे थोडे आणि अनेक दिवस. आतड्यात आतडे शिरले तर मूल थांबूनथांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळते आणि मग लाल, आवमिश्रित, जेलीसारखे काही पडते. मेकेलची पिशवी स्वतःच आत उलटून असा प्रसंग आणू शकते, त्यामुळे वेदना असली म्हणजे पिशवी नाहीच असे मानता येत नाही. बीट खाल्ल्यानेही शी लाल होते, पण त्याने मूल फिकट पडत नाही. ‘मूळव्याध असेल’ किंवा ‘उष्णता झाली’ हे अंदाज तर सरळ बाजूला ठेवावेत. या वयात मूळव्याध जवळपास होतच नाही, आणि उष्णतेने आतड्यातून वाटीभर रक्त जात नाही.

वाटीभर हे प्रमाण मुद्दाम सांगितले आहे, कारण मोठ्यांना जे थोडे वाटते ते लहान शरीराला फार असते. समजा, दीड वर्षाच्या, १० किलो वजनाच्या एका मुलाला रात्री आठ वाजता रक्ताची पहिली शी झाली आणि पहाटेपर्यंत आणखी दोनदा. या वयात शरीरातले रक्त दर किलोला साधारण ८० मिलिलिटर, म्हणजे या मुलाकडे एकूण ८०० मिलिलिटर. त्यातले २०० गेले तर ते चौथा हिस्सा झाले. मोठ्या माणसाच्या हिशेबाने हे लिटर-सव्वा लिटर रक्त जाण्यासारखे आहे.

सकाळी रुग्णालयात पोहोचल्यावर मूल आईच्या खांद्यावर शांत पडलेले आहे. नाडी १७०, हातपाय गार, बोट दाबून सोडल्यावर कातडीचा रंग परत यायला चार सेकंद लागतात. रक्तदाब मात्र वयाच्या मानाने ठीक आहे. या ठीक रक्तदाबाने कुणी निर्धास्त झाले तर ती चूक ठरते. लहान मुलाच्या रक्तवाहिन्या घट्ट आकसून दाब बराच वेळ टिकवून धरतात आणि तो घसरतो तेव्हा खूप उशीर झालेला असतो. वाढलेली नाडी, फिकेपणा आणि गार तळवे हेच आधी बोलतात. पहिले हिमोग्लोबिन १०.४ येते, तेही फसवे. रक्त गेले तेव्हा पेशी आणि पाणी सारख्याच प्रमाणात गेले, त्यामुळे उरलेल्याचा दाटपणा सुरुवातीला फारसा बदलत नाही. शिरेतून २०० मिलिलिटर सलाईन दिल्यावर आणि काही तास गेल्यावर आकडा ६.१ वर येतो. हेच खरे चित्र. मग १५० मिलिलिटर लाल पेशी दिल्या जातात आणि हिमोग्लोबिन नऊच्या पुढे जाते.

दुपारनंतर रक्त जाणे थांबते. या आजारात ते बऱ्याचदा आपोआप थांबते, कारण रक्त कमी झाले की शरीर आतड्याकडचा प्रवाहच आवळते. मुलाचा चेहरा लाल होतो, ते बिस्कीट मागते, आणि घरच्यांना घरी जावेसे वाटते. सगळ्यात अधिक काळजी घ्यायची ती याच वेळी. व्रण आहे तिथेच आहे, आम्ल सुटतेच आहे, आणि पुढचा रक्तस्राव काही दिवसांनी किंवा काही महिन्यांनी, कदाचित रुग्णालयापासून तीन तासांच्या अंतरावरच्या गावात असताना होऊ शकतो.

पिशवी शोधण्याची तपासणी मोठी युक्तीची आहे. सोनोग्राफीत ती सहसा दिसत नाही. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण मोठे आतडे पाहते, वरून घातलेली जठर पाहते, आणि पिशवी दोघींच्या टप्प्याबाहेर राहते. म्हणून जठराच्या अस्तरालाच साद घातली जाते. टेक्नेशियम नावाच्या सौम्य किरणोत्सर्गी द्रव्याचे इंजेक्शन शिरेतून दिले की ते जठराच्या अस्तरात गोळा होते, मग ते अस्तर कुठेही असो. या द्रव्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. गॅमा कॅमेऱ्याखाली मुलाला तासभर निजवले की वर जठर उजळते. पिशवीत तसे अस्तर असेल तर त्याच वेळी, बहुधा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, दुसरा ठिपका उमटतो आणि जठराच्या बरोबरीने गडद होत जातो. आधी उपाशी ठेवणे, लघवी करवणे आणि फॅमोटिडीनसारखे औषध देणे यामुळे ठिपका स्पष्ट होतो. औषधाने द्रव्य अस्तरातच धरून ठेवले जाते, वाहून जात नाही. तपासणीआधी बेरियम पाजलेले असेल तर मात्र चित्र झाकोळते.

आपल्या नमुन्यातल्या मुलाचा ठिपका आठव्या मिनिटाला दिसतो. पण स्कॅन कोरा आला तर? मुलांमध्ये ही तपासणी दहापैकी आठ-नऊ वेळा पिशवी पकडते, म्हणजे एक-दोनदा चुकते. जठराचे अस्तर फार थोडे असते, रक्ताच्या लोटात द्रव्य धुऊन जाते, किंवा भरलेल्या लघवीच्या पिशवीआड ठिपका लपतो. त्यामुळे लक्षणे अगदी जुळत असतील, तर कोऱ्या स्कॅनवर न थांबता तो पुन्हा करावा किंवा बेंबीतून दुर्बीण घालून आतडे प्रत्यक्ष तपासावे. वाटीभर रक्त गेलेल्या मुलाला केवळ स्कॅन साफ आहे म्हणून घरी पाठवणे धोक्याचे आहे.

उपाय शस्त्रक्रियेचाच. आम्ल कमी करणारे औषध तात्पुरता आधार देते, पिशवी काढत नाही. मूल स्थिर झाल्यावर, रक्त भरून निघाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुर्बिणीच्या मदतीने बेंबीतूनच आतड्याचा तो भाग बाहेर ओढतात. रक्तस्राव झालेला असेल तेव्हा अनेक शल्यचिकित्सक पिशवी मुळाशी छाटून न थांबता तिच्यासह आतड्याचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा काढून टोके जोडतात. कारण व्रण बरेचदा पिशवीत नसून तिच्या तोंडाशी किंवा समोरच्या भिंतीवर असतो आणि तो मागे राहून चालत नाही. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जठराचे अस्तर आणि शेजारचा व्रण दोन्ही समोर येतात. आतडे जोडलेल्या जागी गळती होणे किंवा पुढे कधी चिकटून अडथळा येणे हे धोके आहेत, पण ते थोड्यांच्याच वाट्याला येतात. बहुतेक मुले दोन-तीन दिवसांत दूध पिऊ लागतात आणि आठवड्याच्या आत घरी जातात.

घरी असताना असा प्रसंग आला तर रक्ताने भरलेला डायपर किंवा फडके टाकून देऊ नये. रंग आणि प्रमाण डॉक्टरांना त्यावरूनच नीट कळते, निदान फोटो तरी काढावा. मुलाला परस्पर वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, विशेषतः आयब्युप्रोफेन. आणि जायचे ते अशा रुग्णालयात, जिथे रक्तपेढी जवळ आहे आणि बालशल्यचिकित्सक बोलावता येतात. दारात पोहोचेपर्यंत रक्त थांबलेले असले तरी किती वेळा आणि किती गेले, हे सांगूनच आत जावे.