वीस टक्क्यांची मुभा

रुळावर एक गाडी, गाडीवर बिजागरीने जोडलेली एक काठी. गाडीला डावीकडे ढकलायचं किंवा उजवीकडे, दोनच क्रिया. काठी १२ अंशांपेक्षा जास्त कलली की डाव संपला. टिकलेल्या प्रत्येक पावलाला १ गुण. पॉलिसी ग्रेडियंट शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून हे कोडं गेलेलं असतं. संगणकावर त्याचं नाव `CartPole-v1`. आणि ज्यांनी ते साध्या पॉलिसी ग्रेडियंटने सोडवून पाहिलंय, त्यांनी एक दृश्य हमखास पाहिलेलं असतं. काठी २०० पावलं टिकू लागते, आलेख वर चढतो, आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत काठी दहाव्या पावलाला पडू लागते. दहावं पाऊल म्हणजे गाडी सतत एकाच बाजूला ढकलली जातेय. म्हणजे पॉलिसीने एका क्रियेची शक्यता जवळपास १ वर नेली आणि दुसरी सोडूनच दिली.

चित्रं ओळखायला शिकणाऱ्या जाळ्याने एक पाऊल चुकीचं टाकलं तरी पुढची चित्रं तीच राहतात, चूक भरून निघते. इथे तसं नाही. पुढचा डेटा पॉलिसी स्वतःच गोळा करते. ती बिघडली की डेटाही बिघडतो, आणि बिघडलेल्या डेटातून वर येणं फार कठीण. त्यामुळे एका फेरीत पॉलिसीने किती बदलावं याला काहीतरी आवर हवा. जॉन शुलमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये टीआरपीओ ही पद्धत मांडली. तिच्यात जुन्या आणि नव्या पॉलिसीतल्या अंतरावर थेट बंधन होतं. पद्धत चोख, पण गणित जड आणि लिहायला किचकट. २०१७ मध्ये ओपनएआयमध्ये शुलमन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी तेच काम साध्या ग्रेडियंटवर भागवणारी पीपीओ मांडली.

तिचा गाभा एका गुणोत्तरात आहे. एखाद्या अवस्थेत डावीकडे ढकलायची शक्यता डेटा गोळा करताना ०.४० होती, आणि शिकता शिकता ती ०.४४ झाली, तर गुणोत्तर १.१. पॉलिसी ग्रेडियंटमध्ये आपण ॲडव्हांटेजला शक्यतेच्या लॉगरिदमने गुणतो. इथे त्या जागी हे गुणोत्तर येतं. त्याचा फायदा असा, की एकदा गोळा केलेला डेटा एकदाच वापरून टाकून द्यावा लागत नाही. मूळ शोधनिबंधातल्या यांत्रिक प्राण्यांच्या प्रयोगांत २०४८ पावलांचा डेटा दहा वेळा फिरवला आहे. पण दहा वेळा फिरवायचा तर गुणोत्तर १ पासून भरकटणार, आणि भरकटलं की जुन्या डेटावरून काढलेला अंदाज खोटा पडत जाणार. म्हणून कात्री लावायची: ०.८ ते १.२.

```python
ratio = torch.exp(logp - logp_old)
clipped = torch.clamp(ratio, 0.8, 1.2)
loss = -torch.min(ratio * adv, clipped * adv).mean()
```

या तीन ओळी आकडे घालून पाहू. जुनी शक्यता ०.४०, ॲडव्हांटेज +२, म्हणजे डावीकडे ढकलणं अपेक्षेपेक्षा चांगलं ठरलं. शक्यता ०.४४ असेल तर गुणाकार २.२, तो वाढवायला अजून वाव आहे, ग्रेडियंट जिवंत. शक्यता ०.५२ झाली की गुणोत्तर १.३. न कापलेला गुणाकार २.६, कापलेला २.४. दोन्हींतला लहान २.४, आणि त्यात नवी शक्यता कुठे उरलेलीच नाही, १.२ हा नुसता स्थिर आकडा आहे. ग्रेडियंट शून्य. म्हणजे ०.४८ पलीकडे या नमुन्याला शक्यता वाढवण्यात काही मिळत नाही.

ॲडव्हांटेज −२ असेल तर उलट: शक्यता ०.३२ च्या खाली गेली की तिला आणखी खाली रेटणं थांबतं. इथवर बहुतेकांना कळतं. `min` कशासाठी, हा प्रश्न पुढच्या प्रसंगात सुटतो. ॲडव्हांटेज −२ आहे, क्रिया वाईट होती, पण शेजारच्या अवस्थांमधल्या नमुन्यांच्या ओढीने हिचीही शक्यता वाढून ०.५२ झाली. न कापलेला गुणाकार −२.६, कापलेला −२.४. लहान कोणता? −२.६, न कापलेला. म्हणजे ग्रेडियंट जिवंत राहतो आणि शक्यतेला खाली खेचतो. नुसती कात्री लावली असती तर हा नमुना १.२ च्या पलीकडे मुका झाला असता, आणि झालेली चूक दुरुस्त करायला कोणी उरलं नसतं. `min` मुळे कात्री फक्त पुढे ढकलणाऱ्या बाजूला चालते. मागे येण्याची वाट उघडी राहते.

कात्रीने काय फरक पडतो याचा आकडा त्याच निबंधात आहे. सात यांत्रिक कामांवर दहा लाख पावलं शिकवून सरासरी गुण काढले. यादृच्छिक पॉलिसीला ०, सगळ्यांत चांगल्या निकालाला १. कात्री ०.२ ला गुण ०.८२, ०.१ ला ०.७६, ०.३ ला ०.७०. कात्रीच नसेल तर −०.३९, कारण त्यातल्या हाफचीता नावाच्या धावणाऱ्या प्राण्याची पॉलिसी सुरुवातीच्या यादृच्छिक पॉलिसीपेक्षाही खूप खाली गेली.

आता एका गैरसमजाकडे येऊ, कारण त्यामुळे लोक चुकीच्या जागी शोधत बसतात. कात्री म्हणजे कुंपण, असं बरेच जण धरून चालतात. ती कुंपण नाही. ती ढकलणं थांबवते, अडवत नाही. प्रत्येक फेरीच्या पहिल्या मिनीबॅचला सगळी गुणोत्तरं नेमकी १ असतात, कात्री कशालाच लागलेली नसते, आणि ते पाऊल जुन्या पॉलिसी ग्रेडियंटचंच पाऊल असतं. शिकण्याचा वेग जास्त ठेवला तर त्या एका पावलात गुणोत्तर २ वर जाऊ शकतं, आणि कात्रीला ते उशिरा कळतं. शिवाय सगळ्या अवस्थांसाठी जाळं एकच. एका नमुन्याचा ग्रेडियंट शून्य झाला तरी बाकीचे त्याच वजनांना ओढत राहतात. आणि ही वीस टक्क्यांची मुभा दर फेरीला नव्याने मिळते: ०.०५ शक्यता दहा फेऱ्यांत प्रत्येक वेळी १.२ पट झाली तर ०.३१ होते. एका फेरीतली घाई कमी होते, दिशा मात्र कात्री ठरवत नाही.

दिशा ॲडव्हांटेजच्या चिन्हावर ठरते. वरच्या उदाहरणांत कात्री कोणत्या बाजूला लागायची हे +२ आणि −२ यांतल्या चिन्हानेच सांगितलं. आणि ते चिन्ह देतो क्रिटिक.

ही जोडी पीपीओपेक्षा खूप जुनी आहे. अँड्र्यू बार्टो, रिचर्ड सटन आणि चार्ल्स अँडरसन यांनी १९८३ मध्ये गाडीवरच्या याच काठीचं कोडं दोन घटकांनी सोडवलं होतं: एक क्रिया निवडणारा, दुसरा अपेक्षा बाळगणारा. आज त्यांना ॲक्टर आणि क्रिटिक म्हणतात. क्रिटिक क्रिया निवडत नाही. तो अवस्था पाहून एवढंच सांगतो की इथून पुढे किती गुण मिळतील असं वाटतं. समजा तो म्हणाला २०. ॲक्टरने डावीकडे ढकललं, १ गुण मिळाला, काठी थोडी जास्त कलली, आणि नव्या अवस्थेबद्दल क्रिटिक म्हणाला १७. भविष्याला ०.९९ ने गुणलं तर १ + ०.९९ × १७ − २० = −२.१७. ढकलणं अपेक्षेपेक्षा वाईट. नवी अवस्था २१ ची असती तर उत्तर +१.७९ आलं असतं. असे एकेका पावलाचे फरक पुढच्या पावलांचे घटवत जोडले की पीपीओत नेहमी वापरला जाणारा ॲडव्हांटेज तयार होतो. पूर्ण डावाचे गुण मोजून वाट पाहण्यापेक्षा यात गोंगाट कितीतरी कमी, पण किंमत ही की क्रिटिक चुकला तर चिन्ह चुकतं.

एक चूक जवळून पाहू. ती फार सर्रास होते आणि कोणताही इशारा देत नाही. `CartPole-v1` मध्ये ५०० पावलं झाली की डाव वेळेमुळे थांबवतात. काठी सरळ उभी असते. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने "डाव संपला" एवढंच पाहिलं आणि पुढचं मूल्य शून्य धरलं. त्या सरळ काठीबद्दल क्रिटिकचा अंदाज समजा ९० होता. हिशेब होतो १ + ० − ९० = −८९. ज्या ढकलण्याने काठी उत्तम सांभाळली, त्याच्या माथी सगळ्यांत मोठा दोष. आणि घटवत जोडण्यामुळे आधीच्या दहा-बारा ढकलण्यांनाही त्यातला वाटा. क्रिटिकची अवस्था पाहा: त्याला गाडीची जागा, तिचा वेग, काठीचा कोन आणि तिच्या फिरण्याचा वेग एवढे चारच आकडे दिसतात, घड्याळ दिसत नाही. तीच सरळ काठी शंभराव्या पावलाला जवळपास १०० ची, आणि ४९९ व्या पावलाला १ ची. तो दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकतो. कात्री मात्र तिचं काम इमानाने करते. चांगल्या क्रियेची शक्यता ०.८ पटीपर्यंत खाली नेते, आणि पुढच्या फेरीत पुन्हा. पॉलिसी जितकी चांगली होते तितके जास्त डाव ५०० ला पोचतात, आणि तितका हा खोटा दोष वाढतो.

उपाय एका ओळीचा आहे. जिम्नेशियम ही लायब्ररी हे दोन शेवट वेगळे देते:

```python
obs, reward, terminated, truncated, info = env.step(action)
```

पुढचं मूल्य शून्य फक्त `terminated` ला धरायचं. `truncated` ला थांबलेल्या अवस्थेचं मूल्य क्रिटिककडून घ्यायचं: १ + ०.९९ × ९० − ९० = ०.१. दोष गेला. ती अवस्था मात्र खरी शेवटची हवी, नवा डाव सुरू करून मिळालेली नको.

असं काही घडतंय हे तीन आलेखांवरून ओळखता येतं. पहिला, किती टक्के नमुन्यांना कात्री लागली. सतत शून्य असेल तर कात्री असून नसल्यासारखी, अर्ध्याच्या आसपास गेला तर पावलं फार मोठी. दुसरा, जुन्या-नव्या पॉलिसीतलं अंदाजे अंतर, `((ratio - 1) - ratio.log()).mean()`, ते ०.०१५ च्या आसपास गेलं की त्या फेरीत डेटा फिरवणं थांबवणारे प्रोग्राम प्रचलित आहेत, कारण कात्री स्वतः हे थांबवत नाही. तिसरा क्रिटिकचा: प्रत्यक्ष मिळालेल्या गुणांतली चढउतार त्याच्या अंदाजाने किती समजते. १ च्या जवळ असेल तर उत्तम. शून्य म्हणजे क्रिटिक सरसकट एकच आकडा सांगितल्याइतकाच उपयोगी, आणि उणे म्हणजे त्याहूनही वाईट.

आलेख कोसळला की पहिला हात जातो तो ०.२ कडे, ०.१ करून पाहू, ०.३ करून पाहू. तो आकडा आहे तिथे राहू द्या. आधी हा तिसरा आलेख उघडा, आणि डाव कशामुळे संपला हे तुमच्या प्रोग्रामला ठाऊक आहे का ते तपासा.